फोनच्या स्क्रीनवरचा रंग कितपत खरा?

फोनच्या ओएलईडी स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या बारीक दिव्यांचा बनलेला असतो. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी बनलेल्या दोन पॅनेलांतही हे दिवे तंतोतंत सारखे उजळत नाहीत. एकाचा पांढरा किंचित पिवळसर दिसतो, तर दुसऱ्याचा निळसर. हा फरक काढून टाकण्यासाठी कारखान्यात रंगांची जुळवणी करतात, तिलाच कॅलिब्रेशन म्हणतात.

पॅनेलवर पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि करड्या रंगाच्या काही पायऱ्या दाखवल्या जातात. समोरचे रंगमापक यंत्र प्रत्येकाची चमक आणि छटा मोजते. पांढऱ्याचे प्रमाण ठरलेले आहे. त्याला डी६५ म्हणतात आणि तो साधारण ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा असतो. मापात फरक आढळला की पॅनेल चालवणाऱ्या चिपमधले आकडे बदलून पुन्हा मोजतात आणि जुळलेले आकडे त्या चिपमध्ये कायमचे साठवतात. वेळ वाचवण्यासाठी मोजक्याच पायऱ्या तपासल्या जातात, मधल्या गणिताने भरून काढतात. त्यामुळे चूक उरते ती बहुधा गडद करड्या छटांत. तिथे दिव्यांना मिळणारा विद्युतप्रवाह अगदी कमी असतो आणि त्यातला थोडासा फरकही हिरवट किंवा जांभळट झाक देऊन जातो. स्क्रीनचा उजेड कमी करून अंधाऱ्या खोलीत गडद करडे चित्र उघडले की ही झाक नजरेस पडते.

उरलेली चूक ‘डेल्टा ई’ या मापात सांगतात. अपेक्षित रंग आणि प्रत्यक्ष दिसणारा रंग यांच्यातले ते अंतर. ते १ च्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम कळतो. कंपनी सहसा सरासरी जाहीर करते, पण फोटो संपादित करणाऱ्याने सरासरीवर विसंबू नये. बाकी सगळे रंग अचूक आणि त्वचेची छटाच तेवढी चुकलेली, असे असले तरी सरासरी चांगलीच येते.

मात्र बहुतेक गोंधळ होतो तो जुळवणीतल्या चुकीमुळे नव्हे, तर स्क्रीनच्या मोडमुळे. फोटोंचे जुने, सर्वत्र चालणारे रंगप्रमाण म्हणजे sRGB. आजचे चांगले पॅनेल त्याहून बरेच मोठे, Display P3 नावाचे रंगक्षेत्र दाखवू शकतात. sRGB मधला शुद्ध लाल घेऊ. त्याचे आकडे २५५, ०, ०. हाच लाल P3 पॅनेलवर हुबेहूब दाखवायचा तर पॅनेलला सुमारे २३४, ५१, ३५ हे आकडे द्यावे लागतात. हे रूपांतर फोनने करायचे असते. Vivid सारख्या मोडमध्ये रंग मुद्दाम ताणले जातात, त्यामुळे तोच लाल मूळ फोटोपेक्षा भडक दिसतो. हळदीच्या कार्यक्रमातला फोटो अशा स्क्रीनवर संपादित केला तर पिवळा डोळ्यांत भरतो, चेहरे तांबूस वाटतात आणि संपादक रंगांचा गडदपणा कमी करतो. मग तोच फोटो जुळवलेल्या स्क्रीनवर निस्तेज दिसतो.

उलट चूकही होते. आयफोन फोटो P3 मध्ये साठवतो. प्रिंट लॅबच्या सॉफ्टवेअरने फाईलसोबतची रंगांची माहिती वाचलीच नाही, तर २३४, ५१, ३५ हे आकडे sRGB चेच समजले जातात आणि लाल फिका पडतो. छपाईला द्यायची फाईल म्हणूनच sRGB मध्ये एक्सपोर्ट करणे सुरक्षित.

कारखान्यातली अचूकता हवी तर ज्या मोडसाठी ती जुळवणी केली आहे तोच निवडावा लागतो. सॅमसंगमध्ये Settings > Display > Screen mode इथे Natural निवडावे. पिक्सेलमध्येही Natural असते. आयफोनमध्ये असा मोड निवडायचा नसतो, तो रूपांतर स्वतःच करतो. पण True Tone बंद ठेवावे, कारण ते खोलीतल्या उजेडाप्रमाणे पांढरा बदलते. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय बंद असावी आणि उजेड आपोआप बदलू न देता मध्यम पातळीवर स्थिर ठेवावा.

एवढे करूनही दोन मर्यादा राहतात. ओएलईडी आणि एलसीडी पडद्यांवर यंत्राने सारखाच मोजलेला पांढरा डोळ्याला वेगळा दिसू शकतो, कारण दोन्हींच्या प्रकाशाची घडण निराळी असते. शिवाय निळे दिवे लाल-हिरव्यांपेक्षा लवकर झिजतात, म्हणून बराच वापरलेला पडदा हळूहळू पिवळसर होत जातो. डोळा त्याला सरावतो आणि बदल लक्षात येत नाही. लग्नाचा अल्बम किंवा विक्रीच्या वस्तूंचे फोटो हाती असतील, तर सगळी फाईल पाठवण्याआधी त्याच लॅबमधून एक छोटी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात पाहावी.