वर्गमुळातून बाहेर पडताना x चं चिन्ह का बदलतं?

सीमा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक गणित हमखास अडवतं. √(9x² + 1) ला 2x + 5 ने भागायचं आणि x ऋण अनंताकडे न्यायचा. भागाकार कशाच्या जवळ जातो? पुष्कळ वह्यांत उत्तर 3/2 असतं. बरोबर उत्तर आहे −3/2. आकडा बरोबर असतो, चुकतं फक्त चिन्ह, आणि चुकीची पायरी इतकी सरळ दिसते की वही दोनदा तपासूनही ती सापडत नाही.

ऋण अनंत ही काही संख्या नव्हे. x ला −10, −100, −1000 असं डावीकडे नेत राहायचं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून x = −1000 घालूनच पाहू. अंशात √9000001 येतं, म्हणजे जवळजवळ 3000. छेदात −2000 + 5 = −1995. भागाकार सुमारे −1.504. अंशात वर्गमूळ आहे, ते ऋण होऊच शकत नाही. छेद मात्र ऋण आहे. मग उत्तर धन येईलच कसं? पायऱ्या मांडण्याआधी एवढा विचार केला तरी चूक लगेच पकडता येते.

आता ती चुकीची पायरी पाहू. नेहमीची रीत अशी, की अंश आणि छेद दोन्हींना x ने भागायचं. छेदात 2 + 5/x मिळतं, त्यात काहीच अडचण नाही. अंशात मात्र x ला वर्गमुळाच्या आत न्यावं लागतं. तिथे आपण बेधडक x च्या जागी √(x²) लिहितो आणि √(9 + 1/x²) मिळवतो. x धन असेल तर हे चालतं. पण x = −5 घ्या. x² = 25, आणि √25 = 5. हा 5 म्हणजे आपला x नव्हे. X तर −5 होता. 5 म्हणजे −(−5), म्हणजेच −x.

खरा गोंधळ इथेच होतो. −x दिसलं की ती ऋण संख्या आहे असं मन धरून चालतं, आणि वर्गमुळाचं उत्तर ऋण कसं, हा प्रश्न पडतो. पण x स्वतःच ऋण असताना −x धन असतं. तिथलं उणे चिन्ह उत्तराला ऋण करत नाही, उलट x मधला ऋणपणा काढून टाकतं. 25 ला 5 आणि −5 अशी दोन वर्गमुळं आहेत हे खरं. पण √ या चिन्हाने त्यांतलं ऋण नसलेलंच दाखवायचं असं ठरलेलं आहे, नाहीतर √25 चं एकच एक उत्तर सांगता आलं नसतं. म्हणून √(x²) म्हणजे x चं केवलमूल्य: x धन असेल तर x, ऋण असेल तर −x. ऋण x साठी x = −√(x²) असल्यामुळे अंश −√(9 + 1/x²) होतो, आणि सीमा −3/2 येते.

या उदाहरणात फक्त चिन्ह चुकलं. दुसऱ्या एका प्रकारात सगळं उत्तरच हातचं जातं. √(x² + 4x) + x ची ऋण अनंताकडची सीमा काढू. पहिलं पद प्रचंड धन, दुसरं प्रचंड ऋण, त्यामुळे नुसतं पाहून काही कळत नाही. परिमेयीकरण करताना वापरतो तीच युक्ती इथे उपयोगी पडते. √(x² + 4x) − x ने गुणून भागलं की 4x / (√(x² + 4x) − x) मिळतं. आता x ने भागू. चिन्ह सांभाळलं तर छेद −√(1 + 4/x) − 1 होतो, तो −2 कडे जातो, आणि सीमा 4/(−2) = −2. चिन्ह विसरलं तर छेद √(1 + 4/x) − 1 होतो, म्हणजे शून्याकडे जातो, आणि सीमाच नाही असं वाटू लागतं. x = −100 घालून पाहा: √9600 सुमारे 97.98, त्यात −100 मिळवले की −2.02. x = −1000 ला −2.002.

हा −2 कुठून आला हे पूर्ण वर्ग केल्यावर स्पष्ट दिसतं, आणि मला ही रीत जास्त आवडते. x² + 4x म्हणजे (x + 2)² − 4. x खूप डावीकडे गेला की वजा 4 चा प्रभाव नगण्य उरतो, आणि वर्गमूळ |x + 2| च्या अगदी जवळ येतं. तिथे x + 2 ऋण आहे, म्हणून ते −x − 2 होतं. त्यात x मिळवला की −2 उरतो. आलेख काढला तर y = √(x² + 4x) ची डावी शाखा y = −x − 2 या रेषेला आणि उजवी शाखा y = x + 2 ला जवळ करत जाताना दिसते.

मात्र प्रत्येक मुळाबरोबर उणे लावत सुटू नये. √(x⁴) हे नेहमी x² च असतं, कारण x² ऋण होतच नाही. ऋण x साठी √(x⁶) मात्र −x³ होतं. आणि घनमुळात हा प्रश्नच येत नाही: −8 चं घनमूळ −2 आहे, म्हणून x³ चं घनमूळ x धन असो वा ऋण, x च राहतं.