रिचार्ज कोणता स्वस्त? एकमान पद्धतीने पाहू

मोबाइलच्या दुकानात भिंतीवर दर लावलेले असतात. आपण रक्कम पाहतो आणि कमी पैशांचा प्लॅन उचलतो. पण दोन प्लॅनची मुदत वेगळी आणि डेटाही वेगळा असेल, तर नुसत्या रकमेवरून काही कळत नाही. गणितात शिकलेली एकमान पद्धत इथे कामी येते.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आम्ही दोन नमुन्याचे प्लॅन घेतले. पहिला ३०८ रुपयांचा, मुदत २८ दिवस, रोज दीड जीबी. दुसरा ५०४ रुपयांचा, मुदत ८४ दिवस, पण सगळ्या मुदतीला मिळून ६ जीबी. बोलणे दोन्हींत अमर्याद.

आधी दिवसाचा खर्च काढू. ३०८ भागिले २८ म्हणजे ११ रुपये. ५०४ भागिले ८४ म्हणजे ६ रुपये. दुसरा स्वस्त!

आता डेटा पाहू. पहिल्यात २८ गुणिले दीड, म्हणजे ४२ जीबी मिळतो; एक जीबी सुमारे ७ रुपये ३३ पैशांना पडला. दुसऱ्यात ५०४ भागिले ६, म्हणजे एक जीबी ८४ रुपयांना. आता पहिला स्वस्त!

मग खरे कोणते? ते आपल्या वापरावर ठरते. रोजचा डेटा त्या दिवशी संपवला नाही, तर तो सहसा मध्यरात्री बाद होतो. उद्यासाठी साठत नाही. समजा आई रोज साधारण ६०० एमबी वापरते. २८ दिवसांत तिचे सुमारे १७ जीबीच खर्च होतात. म्हणजे वापरलेला जीबी तिला ७ नव्हे, १८ रुपयांना पडतो. तरीही पहिलाच प्लॅन तिच्या सोयीचा, कारण दुसऱ्यातले ६ जीबी तिला साधारण दहाच दिवस पुरतील. उलट आजोबा फोनवर बोलतात आणि रोज ५० एमबी वापरतात. ८४ दिवसांत त्यांना सव्वाचार जीबीही लागत नाही. त्यांना दुसराच बरा.

मधल्या वापराच्या माणसाने काय करावे? ८४ दिवसांसाठी पहिला प्लॅन तीनदा भरला, तर ९२४ रुपये होतात. फरक ४२० रुपयांचा. दुसरा घेऊन वरचा डेटा विकत घ्यावा लागला आणि तो खर्च ४२० च्या आत राहिला, तर दुसराच फायद्याचा.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. पहिल्या प्लॅनचे वर्षाचे ४,००४ रुपये होतात, ३,६९६ नव्हेत. २०२२ साली ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा निदान एकेक प्लॅन ठेवण्यास सांगितले. दुकानात तोही विचारावा, पण त्यालाही हाच भागाकार लावावा.

विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या महिन्याचा मोबाइल डेटा किती झाला ते पाहा, वायफायचा त्यात धरू नका. तो आकडा वहीत मांडा आणि पुढचा रिचार्ज करण्याआधी आईवडिलांना दाखवा.