नाव बदललंय, बोभाटा नको

समजा, पुण्याजवळच्या एका कारखान्यात लेखा विभागात आठ वर्षं काम करणारी एक ट्रान्स स्त्री आहे. कागदोपत्री ती अजून ‘श्री’ आहे. आता तिला मनुष्यबळ विभागाला पत्र लिहायचंय: माझं नाव बदला, नावामागची उपाधी बदला, नोंदी बदला आणि हे सगळं बोभाटा न करता करा. असं पत्र बहुतेकदा शेवटच्या मागणीवर अडतं. ‘गोपनीयता ठेवावी’ एवढ्या एका ओळीनं काहीच ठरत नाही. कोणाला, कधी आणि किती कळेल, हे पत्रातच लिहावं लागतं.

पत्र एकाच अधिकाऱ्याच्या नावे जावं, प्रती कोणालाही नकोत. सुरुवातीला आधार सांगायला दोन वाक्यं पुरतात. लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या नाल्सा निकालात मान्य केला. 2019 च्या कायद्यानं नोकरीतल्या भेदभावाला मनाई केली. 2020 च्या नियमांनुसार आस्थापनेच्या समान संधी धोरणात कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीच्या गोपनीयतेचा उल्लेख असायला हवा, आणि कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. हे लिहिलं की पत्र विनवणी राहत नाही, नेहमीचं कार्यालयीन काम होतं.

मग मागण्यांचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात कागदपत्रांशिवाय आजच होण्यासारखं सगळं: ईमेलवर दिसणारं नाव, ओळखपत्र, टेबलावरची पाटी, फोनयादी, हजेरी यंत्राच्या पडद्यावर उमटणारं नाव. हे कंपनीचं स्वतःचं असतं, कुठल्याही सरकारी दाखल्यावाचून बदलता येतं.

दुसऱ्या भागात बाहेरच्या यंत्रणांना बांधलेल्या नोंदी येतात: पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी, आयकर, गटविमा. इथे क्रम महत्त्वाचा. निधी खात्यातलं नाव आणि लिंग आधारशी जुळावं लागतं, पॅनही आधारशी. म्हणून महाराष्ट्रात नावबदलाचं राजपत्र आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र हाती आलं की आधी आधार, मग पॅन आणि बँक, शेवटी निधी. कंपनीनं उत्साहात निधीची नोंद आधीच बदलायला घेतली, तर नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो आणि तिला पुन्हा खुलासे द्यावे लागतात. त्यामुळे पत्रात स्पष्ट लिहावं: ‘आधार आणि पॅन बदलेपर्यंत पगारपत्रकात जुनं नाव चालेल, मात्र ते पगार विभागातल्या दोघांपलीकडे दिसू नये.’

आता उपाधी. मराठी कार्यालयात ‘श्री’ची ‘श्रीमती’ करून काम संपत नाही, कारण आपलं क्रियापदच बोलतं. ‘ते आले का?’ की ‘त्या आल्या का?’, ‘दादा’ की ‘ताई’, ‘सर’ की ‘मॅडम’, हे चहाच्या टेबलावर क्षणोक्षणी ठरत असतं. म्हणून पत्रात एक ओळ हवीच: ‘माझ्याबद्दल बोलताना स्त्रीलिंगी रूपं वापरावीत.’ मधल्या नावाबद्दलही लिहावं. वडिलांचं नाव तसंच ठेवायचं की नाही, हे तिनं सांगितलं नाही तर दुसरंच कोणी ठरवून टाकतं.

गोपनीयतेसाठी तिनं एक तारीख द्यावी, समजा महिन्याचा पहिला सोमवार. त्याआधी फक्त तिघांना माहीत असेल: मनुष्यबळ अधिकारी, संगणक विभागातला एक जण आणि तिचा थेट वरिष्ठ. विभागाला काय सांगायचं, त्याचा मजकूर ती स्वतः लिहील. उपचार, शस्त्रक्रिया, घर याबद्दल कोणी विचारलं तर उत्तर एकच: ‘ते तिचं खासगी आहे.’

बातमी फुटते ती बहुधा वाईट हेतूनं नव्हे, विसरलेल्या कोपऱ्यांतून. ईमेलवरचं नाव बदलतं, पण पत्ता जुनाच राहतो. विम्याची यादी एक्सेलमध्ये सगळ्यांना जाते आणि तिच्या ओळीत जुनं नाव असतं. वाढदिवसाची यादी, सामायिक फोल्डरचं नाव, गेटवरची नोंदवही राहून जाते. परिपत्रकात ‘पूर्वीचे नाव’ असं कंसात छापलं, तर सगळी काळजी एका ओळीत वाया जाते. जुन्या नावाचे कागद फेकायचे नसतात, सेवेची सलगता त्यांच्यावरच उभी असते. ते बंद पाकिटात, ठरलेल्या एकाच अधिकाऱ्याकडे ठेवावेत.

म्हणून पत्राच्या शेवटी एक तपासणी मागावी: ठरलेल्या तारखेनंतर आठवड्याभरानं मनुष्यबळ अधिकाऱ्यानं कंपनीच्या सगळ्या प्रणालींमध्ये जुनं नाव शोधून पाहावं आणि कुठे सापडलं ते तिला लेखी कळवावं. गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे त्या सोमवारी नवी यादी पोहोचली असेल, तर तो वर न बघताच म्हणेल, ‘या मॅडम.’ पत्रानं मागितलं ते एवढंच.