काचेवरची काच

शाळा उघडली त्याच आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या खोलीबाहेर एक लहानसा अपघात झाला. भूगोलाच्या बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन येत होत्या. गठ्ठ्यावर ठेवलेला त्यांचा फोन घसरला आणि दगडी पायरीच्या कडेवर कोपऱ्याने आपटला. उचलून पाहतात तो पडद्यावर चिकटवलेली टेम्पर्ड काच जशीच्या तशी होती. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. पण बोट फिरवू लागल्या तेव्हा खालून तडे चमकू लागले. वरची काच सोलून काढली, तेव्हा मूळ पडद्यावर उजव्या कोपऱ्यापासून कोळ्याचे जाळे पसरलेले दिसले. "सर, दुकानदाराने हिच्यावर हातोडा मारून दाखवला होता हो!" असे त्या मला म्हणाल्या. दुकानदार खोटे बोलला नव्हता. त्याने प्रयोग मात्र भलताच दाखवला होता.

हे समजण्यासाठी काच कशी फुटते, ते प्रथम पाहिले पाहिजे. काच दाबल्याने सहसा फुटत नाही. ती ताणल्याने फुटते. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. काच वाकली की एका बाजूस ताण पडतो, तेथील एखादी चीर उघडते आणि क्षणार्धात आरपार धावते. फोनची काच हा ताण सोसू शकावी म्हणून कारखान्यात एक युक्ती योजतात. काचेत सोडियमचे कण असतात. ती सुमारे चारशे अंश सेल्सियस तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये काही तास बुडवून ठेवली, की पृष्ठभागाजवळचे सोडियम बाहेर पडते आणि त्याच्या जागी पोटॅशियम शिरते. पोटॅशियमचा कण आकाराने मोठा. तीन मुलांच्या बाकावर तीन थोर गृहस्थ बसवावेत, तशी तेथे दाटी होते. ह्या दाटीमुळे पृष्ठभाग सदैव दाबलेला राहतो, आणि काच वाकली तरी तो दाब संपेपर्यंत चीर उघडत नाही. कॉर्निंग ह्या अमेरिकन कंपनीने अशी काच १९६० च्या दशकाच्या आरंभीच बनविली होती. फोनवर ती गाजली २००७ नंतर.

ह्या कवचाची एकच उणीव आहे. हा दाबलेला थर फार पातळ असतो, जवळजवळ मनुष्याच्या केसाच्या जाडीइतकाच. एखाद्या टोकदार कणाने त्याहून खोल चरा पाडला, की चिरेचे टोक आतल्या ताणलेल्या भागात पोचते आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून चरा आणि तडा ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. आज पडलेला खोल चरा हा उद्याच्या तड्याचा आरंभ असतो.

चरे कशाने पडतात? लोक किल्ल्यांना नावे ठेवतात. पण पितळी किल्ली काचेहून मऊच असते. खरा अपराधी वाळू. खनिजांच्या कठिणपणाची मोह्‌स नावाच्या शास्त्रज्ञाची श्रेणी आहे. तीत शंखजिरे एकवर आणि हिरा दहावर. साधी काच साडेपाचच्या आसपास येते, तर वाळूतील गारेचा कण सातवर. गोव्याच्या किनाऱ्यावरून फिरून आल्यावर खिशात राहिलेले चार कण किल्ल्यांच्या जुडग्याहून अधिक घातक ठरतात. टेम्पर्ड काचेच्या पाकिटावर जे '९ एच' छापलेले असते, त्याचा ह्या श्रेणीशी काहीही संबंध नाही. ती पेन्सिलीची प्रत आहे. त्या प्रतीच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच तिचा अर्थ. पेन्सिल काय, ग्रॅफाइट आणि चिकणमातीची! नऊचा आकडा पाहून ग्राहक मात्र हिऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो.

तेव्हा चिकटवलेली काच निरुपयोगी काय? तसे मुळीच नाही. वाळूचा कण तिच्यावर चरा पाडतो आणि मूळ काच कोरी राहते. फोन पालथा पडून खालचा खडा पडद्याच्या मध्यभागी टोचला, तर ती टोच प्रथम वरच्या काचेला लागते. ही तिची खरी कामगिरी. दुकानदाराचा हातोडाही असाच मध्यभागी, सपाट आणि खाली भक्कम टेबल असताना पडत असतो. पण वरची काच फुटली म्हणजे तिने खालची वाचविलीच, असे समजू नये. ती सुमारे तृतीयांश मिलिमीटर जाडीची असते आणि पुष्कळदा हलक्या प्रतीची. मूळ काचेला ज्या धक्क्याने काहीच झाले नसते, अशा धक्क्यानेही ती तडकते. प्लास्टिकची पातळ फिल्म ओरखडे अंगावर घेण्याचे काम जवळजवळ तितकेच करते. ती लवकर खराब दिसते, बोटाला काचेसारखी गुळगुळीत लागत नाही, आणि टोचणाऱ्या खड्यापुढे तिचा निभाव लागत नाही. परंतु ती स्वस्त असते आणि बाक असलेल्या पडद्यावर कडेपर्यंत नीट बसते.

आता बाईंच्या फोनकडे वळू. तो कोपऱ्यावर पडला. चिकटवलेली काच कडेपासून थोडी आत असते. पायरीचा तिला स्पर्शही झाला नाही. धक्का चौकटीतून थेट मूळ काचेच्या कडेला गेला. फोनचे वजन दोनशे ग्रॅम आणि उंची एक मीटर धरू. धातूची चौकट दगडावर आपटून अर्ध्या मिलिमीटरात थांबली असे मानले, तर पडण्याचे अंतर थांबण्याच्या अंतराच्या दोन हजार पट होते. तितक्याच पटीने, म्हणजे सुमारे चारशे किलो वजनाइतके सरासरी बळ त्या कोपऱ्यावर आले. तोच कोपरा मऊ आवरणात असता आणि ते आवरण अडीच मिलिमीटर दबले असते, तर हे बळ ऐंशी किलोवर आले असते. दोन मिलिमीटर रबराने एवढा फरक पडतो. कोपऱ्याच्या आघातापासून वाचविणारी वस्तू आवरण हीच आहे, काच नव्हे. मात्र ते दबणारे हवे. कडक प्लास्टिकचे चकचकीत आवरण स्वतः दबत नाही आणि धक्का आत पाठवते.

आवरणाचे दुसरे काम त्याच्या काठाचे. काठ पडद्याहून उंच असेल, तर पालथा पडलेला फोन काठावर टेकतो आणि पडदा जमिनीपासून अधांतरी राहतो. येथे एक फसगत होते. काठ जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असावा आणि वर तृतीयांश मिलिमीटरची काच चिकटवावी, म्हणजे उंची जवळजवळ संपते. ह्याची परीक्षा सोपी आहे. फोन सपाट टेबलावर पालथा ठेवून चारही बाजूंच्या काठांखाली पाहावे. काठ टेबलाला टेकले असतील आणि त्याच्या आत एखादे पोस्टकार्ड मावेल एवढी जागा असेल, तर ठीक. फोन काठाऐवजी काचेवरच डुलत असेल, तर आवरण बदलावे. जुने मऊ आवरण ताणून सैल होते, कोपरे सुटतात आणि काठ बाहेर झुकतो. तेही पुन्हा पाहावे. बदलताना आत साचलेली रेती झटकावी, नाहीतर तीच फोनची पाठ घासत राहते.

फोन पडलाच, तर वरची काच फुटली की खालची, हे असे ओळखावे. फोन तिरपा धरून तड्याकडे दोन कोनांतून पाहावे. तडा खालच्या अक्षरांच्या मानाने बराच सरकताना दिसला आणि नखाला वरूनच लागला, तर तो बहुधा वरच्या काचेत आहे. वर नख गुळगुळीत फिरते पण तडा दिसतो, तर तो खाली आहे. काळे डाग किंवा रंगीत रेघा उमटल्या, तर काचेखालचे चित्रपटलच दुखावले आहे. बाईंच्या पडद्यावर अशा रेघा नव्हत्या. तडे तेवढे होते. दुरुस्तीवाल्याने नुसती वरची काच वेगळी बदलता येत नाही असे सांगून संपूर्ण पडद्याची किंमत मागितली, आणि बाई सध्या त्या जाळ्यावर पारदर्शक फिल्म चिकटवून, बोट कापू न देता, गुण भरीत आहेत. फोनला मात्र आता जाड कोपऱ्यांचे काळे रबरी आवरण आले आहे.