ठेवीचा दर बदलला, व्याज किती मिळणार?

पगारदार नोकरांच्या पतसंस्थेच्या फलकावर सचिवांच्या सहीची सूचना लागते. तिचा मजकूर साधारण असा असतो: ‘संचालक मंडळाच्या ठरावानुसार सभासदांच्या मासिक वर्गणी ठेवीवरील व्याजदर १ ऑक्टोबरपासून द.सा.द.शे. ८ ऐवजी ७.५ राहील. चालू मुदत ठेवींना पावतीवरील दर मुदत संपेपर्यंत मिळेल.’ सभासदाची नजर ‘७.५’वर खिळते. पण त्याच्या हिशेबात दराइतकीच महत्त्वाची असते ती तारीख.

मुदत ठेवीचा दर पावतीवर ठरलेला असतो, त्यामुळे जुन्या पावतीला या सूचनेची झळ लागत नाही. मुदत संपून तीच रक्कम पुन्हा गुंतवली, की मात्र नवा दर लागतो. दरमहा पगारातून कापली जाणारी वर्गणी वेगळी. तिचं खातं चालूच राहतं, म्हणून नवा दर तिला ठरलेल्या तारखेपासून लागू होतो.

एका सभासद शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. १ एप्रिलला त्यांच्या खात्यात ६०,००० रुपये आहेत आणि दर महिन्याच्या सुरुवातीला १,००० रुपये जमा होतात. संस्था प्रत्येक महिन्याच्या शिलकेवर व्याज आकारते आणि ते ३१ मार्चला एकदम जमा करते.

एप्रिलची शिल्लक ६१,०००, मेची ६२,००० आणि असं करत सप्टेंबरची ६६,००० होते. या सहा शिलकांची बेरीज ३,८१,००० रुपये. तिला ८ ने गुणून १,२०० ने भागलं, की २,५४० रुपये व्याज येतं. भाजकातले १०० टक्क्यांसाठी आणि १२ महिन्यांसाठी, म्हणून १,२००.

ऑक्टोबर ते मार्च शिल्लक ६७,००० वरून ७२,००० वर जाते. बेरीज ४,१७,०००. ती ७.५ ने गुणून १,२०० ने भागली, की २,६०६ रुपये २५ पैसे. वर्षाचं एकूण व्याज ५,१४६ रुपये २५ पैसे. जुनाच दर वर्षभर राहिला असता, तर ५,३२० मिळाले असते. म्हणजे बदलाचा यंदाचा फटका १७३ रुपये ७५ पैशांचा.

चूक होते ती इथेच. संगणकात नवा दर भरताना तो १ ऑक्टोबरऐवजी १ एप्रिलपासून लागला, तर याच खात्यावर ४,९८७ रुपये ५० पैसे जमा होतील. सभासदाचे १५८ रुपये ७५ पैसे बुडतील, आणि उताऱ्यावर व्याजाची एकच रक्कम असल्याने ते कळणारही नाही. म्हणून मार्चनंतर महिनावार शिलकेचा उतारा मागावा, दोन्ही सहामाहींचा गुणाकार स्वतः करून पाहावा आणि फरक दिसला तर तो हिशेब जोडून सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा.

त्याच ठरावात कर्जाचा दरही उतरला आहे का, हेही विचारावं. पतसंस्थेचं उत्पन्न मुख्यतः सभासदांच्या कर्जावरील व्याजातून येतं. कर्ज स्वस्त करण्यासाठी ठेवीचा दर कमी केला असेल, तर त्याच शिक्षिकेचा कर्जाचा हप्ता भरताना फायदा होऊ शकतो. कर्जाचा दर तसाच ठेवला असेल, तर त्याचं कारण वार्षिक सभेत मागण्याचा हक्क तिला आहे.