रिक्रूटरच्या चौकटीत बसणारं उत्तर

नोकरीच्या पोर्टलवर रेझ्युमे टाकला की दोन-चार दिवसांत येणाऱ्या मेल बहुतेक एकाच साच्यातल्या असतात. एकूण अनुभव किती, त्यातला कामाचा किती, नोटीस पिरियड, सध्या कुठे राहता, कुठे यायला तयार, अमुक स्किल किती वर्षं. उमेदवाराला वाटतं, मुलाखत इथूनच सुरू झाली, म्हणून तो ऐसपैस परिच्छेद लिहितो. रिक्रूटर मात्र ही उत्तरं उचलून एक्सेलच्या शीटमध्ये किंवा भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत असतो. पुढे हायरिंग मॅनेजर पाहतो ती फक्त तुमच्या नावासमोरची एक ओळ. चौकटीत न मावणारं उत्तर रिक्रूटर स्वतःच्या समजुतीनं छाटतो, आणि नेमकी कामाची अट गळते.

सगळ्यांत जास्त घोळ होतो नोटीसच्या प्रश्नावर. ‘निगोशिएबल’ हे तिथलं लाडकं उत्तर, आणि माझ्या मते सगळ्यांत निरुपयोगी. नोटीस कमी करणं तुमच्या हातात नसतं. ते सध्याच्या कंपनीच्या मर्जीवर असतं. म्हणून उत्तर लिहिण्याआधी नियुक्तीपत्र काढून वाचावं. किती दिवस, उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटता येतं का, आणि ते पैसे बेसिकवर मोजतात की पूर्ण पगारावर, हे तिथे लिहिलेलं असतं. बायआउटचं कलम असलं तरी पुष्कळदा ‘कंपनीच्या संमतीने’ हे शब्द त्याला चिकटलेले असतात.

समजा, पुण्यात खराडीच्या एका कंपनीत सहा वर्षं जावा डेव्हलपर असलेली मुलगी आहे. नोटीस ९० दिवस. जूनच्या सुरुवातीला तिला मेल आली. मुलाखतीच्या फेऱ्या आणि ऑफर यांत महिना गेला, तर राजीनामा १ जुलैच्या आसपास पडेल. नव्वद दिवस तिथून मोजायचे, मेल आली त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे ती मोकळी होणार सप्टेंबरअखेर. तिनं लिहावं: ‘९० दिवस. अजून राजीनामा दिलेला नाही. बायआउटची सोय आहे, पण मंजुरी कंपनीची. तोवर ९० धरावेत.’ जागा ऑगस्टमध्ये भरायची असेल तर रिक्रूटर तिथेच थांबेल, आणि त्यात दोघांचंही नुकसान नाही. ‘३० दिवसांत येते’ असं लिहून पुढे ९० निघाले, तर हातातली ऑफरही मागे घेतली जाऊ शकते. राजीनामा आधीच दिलेला असेल, तर दिवस लिहू नयेत. कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख लिहावी. आज वाचलेले ‘४५ दिवस’ तीन आठवड्यांनी चुकीचे ठरतात, तारीख ठरत नाही.

शहराचं उत्तर सोपं वाटतं, पण ‘कुठेही चालेल’ हे वाचून कोणाचा विश्वास बसत नाही. बंगळुरूत बसलेल्या रिक्रूटरला पुणे म्हणजे एकच ठिकाण वाटतं. खराडीहून रोज हिंजवडी गाठणं म्हणजे काय, हे त्याला कुठून कळणार! तेव्हा आठवड्यातले दिवस सांगावेत: ‘राहणं खराडीत. हिंजवडीला आठवड्यातून तीन दिवस जमेल, पाच नाही. बंगळुरूला कायमचं यायची तयारी आहे.’ मेलमध्ये ऑफिसात किती दिवस यायचं ते लिहिलेलं नसेल, तर याच ओळीत विचारून घ्यावं.

स्किलच्या बाबतीत ‘दहापैकी किती गुण द्याल’ असा प्रश्न हमखास येतो. गुण द्यायला हरकत नाही, पण एकाचे आठ म्हणजे दुसऱ्याचे पाच असतात, म्हणून शेजारी वर्षं आणि शेवटचा वापर लिहावा. आपल्या डेव्हलपरचं उत्तर असं होईल: ‘जावा ६ वर्षं, सध्या रोज. स्प्रिंग बूट ४ वर्षं, सध्या रोज. काफ्का १ वर्ष, एकाच प्रोजेक्टमध्ये, दोन वर्षांपूर्वी. कुबरनेटीस नाही.’ एकूण अनुभव सहा वर्षं म्हणून सगळ्याच स्किलसमोर सहा लिहिण्याची सवय मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत उघडी पडते. ‘नाही’ हा शब्द लिहायला लोक घाबरतात. कुबरनेटीस अनिवार्य असेल तर नाव गळेल हे खरं. पण ते नुसतं ‘असल्यास उत्तम’ यादीत असेल, तर त्या एका ‘नाही’मुळे काफ्काच्या एका वर्षावरही विश्वास बसतो. हीच वर्षं रेझ्युमेतही तशीच दिसायला हवीत. फरक दिसला की रिक्रूटर आधी रेझ्युमेवर शंका घेतो.

उत्तरं त्याच मेलमध्ये, प्रत्येक प्रश्नाच्या खाली लिहून पाठवावीत. ‘रेझ्युमे पाहावा’ असं लिहू नये, कारण तो शोधत बसायला समोरच्याला वेळ नसतो. या टप्प्यावर कोणी नोंदणीचे पैसे, ओटीपी किंवा आधारची प्रत मागितली, तर उत्तर न देणंच बरं. आणि कंपनीकडून शेवटचा दिवस लेखी मिळेपर्यंत कोणत्याही रिक्रूटरला रुजू होण्याची तारीख पक्की म्हणून कळवू नका.