अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं कुलूप

अ‍ॅमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या कामाच्या बाजारात काम टाकणाऱ्याला आधी एक निवड करावी लागते: आपलं काम कोणाला दिसावं? तीन पर्याय असतात. पहिल्यात काम सगळ्यांच्या यादीत येतं आणि उघडून पाहताही येतं, फक्त पात्र नसलेल्याला ते स्वीकारता येत नाही. दुसऱ्यात यादीत कामाचं नाव आणि मोबदला दिसतो, पण आत काय आहे ते पाहता येत नाही. तिसऱ्यात अपात्र माणसाच्या यादीत ते काम येतच नाही. संगणकाला हे सांगायचं तर असं लिहितात:

```
{"QualificationTypeId": "000000000000000000L0",
 "Comparator": "GreaterThanOrEqualTo",
 "IntegerValues": [98],
 "ActionsGuarded": "DiscoverPreviewAndAccept"}
```

पहिल्या ओळीतला तो शून्यांचा लांबलचक क्रमांक म्हणजे कामगाराची मंजुरीची टक्केवारी. ती 98 किंवा जास्त हवी, असं पुढच्या दोन ओळी सांगतात. शेवटच्या ओळीचा अर्थ असा, की तेवढी नसेल तर त्या माणसाला हे काम सापडूही देऊ नका, पाहू देऊ नका, घेऊ देऊ नका. पहिल्या दोन प्रकारांत निदान आपल्याला कुठे अडवलं हे कळतं. तिसऱ्यात आज शंभर कामं आली होती की दहा, हे कळायलाही मार्ग नाही. मंदी आहे म्हणून यादी रिकामी आहे की आपला आकडा घसरला म्हणून, हे पडद्याकडे बघून ओळखता येत नाही.

हा बाजार 2005 च्या नोव्हेंबरात सुरू झाला. फोटोत काय आहे ते सांगा, पावतीवरचा मजकूर टंकून द्या, दोन दुव्यांपैकी योग्य कोणता ते निवडा, अशी काही सेकंदांची किंवा मिनिटांची कामं. एकेका कामाला तिथे ‘हिट’ म्हणतात, काम टाकणाऱ्याला ‘रिक्वेस्टर’ आणि करणाऱ्याला ‘वर्कर’ किंवा ‘टर्कर’. आपला संबंध जुना आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पॅनोस इपिरोटिस यांनी 2010 च्या सुमारास पाहणी केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश कामगार भारतातले होते. अमेरिकेखालोखाल आपणच. देशाचंही एक कुलूप असतं, आणि ते सगळ्यांत सरळ: ‘फक्त अमेरिका’ असं लिहिलं की बाकीच्यांचा विषय संपतो. त्यावर कोणी चिडलं तरी निदान कारण स्पष्ट असतं. मला जास्त बोलायचं आहे ते टक्केवारीबद्दल, कारण ती अचूकतेचं माप असल्यासारखी वापरली जाते आणि तशी ती नाही.

ही टक्केवारी निघते कशी? आजवर जमा केलेल्या कामांपैकी किती मंजूर झाली, एवढंच. उत्तर बरोबर होतं का, हे ती विचारत नाही. समोरच्याने पैसे द्यायचं मान्य केलं का, हे विचारते. शिवाय प्रत्येक हिट एकच मोजला जातो. एका सेंटची एक टिचकी आणि तासभर खाणारी प्रश्नावली, दोन्हींचं वजन सारखं. शंभरपेक्षा कमी कामं जमा केलेल्या नवख्याची टक्केवारी व्यवस्था सरळ 100 धरते, कारण इतक्या थोड्या कामांत एका नकाराने आकडा उगाच कोसळेल. हेतू चांगला आहे. पण काम टाकणाऱ्यांनाही ही सोय ठाऊक असते, म्हणून ते टक्केवारीच्या जोडीला दुसरी अट लावतात: मंजूर झालेली कामं किमान 100, 500, 1000 किंवा 5000. मग नवख्याच्या वाट्याला येतात ती अट नसलेली, म्हणजे बहुधा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत बेभरवशाची कामं. आणि नकार मिळण्याचा धोका नेमका तिथेच जास्त. शंभरी भरली की तोवर झाकलेला आकडा उघडा होतो. पहिल्या शंभरात आठ नकार असतील तर काल 100 असलेला माणूस आज 92 वर.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, एका कामगाराने 1000 कामं दिली आणि 980 मंजूर झाली. टक्केवारी 98. त्याने पावत्या टंकण्याच्या 40 कामांचा एक गठ्ठा हाती घेतला, प्रत्येकी पाच सेंट. काम टाकणाऱ्याने सगळा गठ्ठा नाकारला. कामगाराचे दोन डॉलर बुडाले. पण आता 1040 पैकी 980 मंजूर, म्हणजे 94.2 टक्के. 98 चं दार तर बंद झालंच, 95 चंही झालं.

परत वर यायला काय लागेल? नकार आता 60 आहेत आणि मागे घेतले गेले नाहीत तर ते आयुष्यभर तसेच राहणार. 95 टक्क्यांसाठी हे 60 नकार एकूण कामांच्या वीस भागांपैकी एक भाग असायला हवेत, म्हणजे एकूण 1200 कामं. आणखी 160 निर्दोष कामं केली की झालं. 98 टक्क्यांसाठी मात्र एकूण 3000 हवीत, म्हणजे आणखी 1960. तेही एकही नकार न येता. आणि ही 1960 कामं त्याला शोधायची आहेत ती अटी नसलेल्या यादीत. प्रत्येकी दोन सेंट आणि अर्धा मिनिट धरलं, तर साधारण सोळा तासांत एकोणचाळीस डॉलर. यात काम शोधण्याचा वेळ धरलेला नाही. 99 चं दार उघडायला 4960 कामं लागतील. दोन डॉलरच्या वादाची ही किंमत. उंबरठा 95 वरून 98 वर आणि मग 99 वर सरकताना काम टाकणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. कामगाराच्या बाजूला मात्र एका नकाराची भरपाई वीस कामांवरून पन्नासावर आणि पन्नासावरून शंभरावर जाते.

नकार दर वेळी चुकीलाच मिळतो, असंही नाही. एकच काम तीन किंवा पाच जणांना देऊन बहुमताचं उत्तर खरं धरायची पद्धत आहे. कोणी पाहात बसत नाही, प्रोग्रामच अल्पमतातल्याला नाकारू शकतो. समजा, इंग्लंडमधल्या दुकानाची पावती आहे, तारीख 03/04. दोन अमेरिकी कामगार मार्चची चौथी लिहितात, भारतातला एकटा एप्रिलची तिसरी लिहितो. बरोबर तोच आहे आणि नाकारला तोच जाईल. अशी चूक ओळखायची एक खूण आहे: नकार कामांच्या एकाच जातीवर, एकाच दिवशी, एकाच साच्यातल्या शेऱ्यासह येतात. निष्काळजी माणसाचे नकार असे एकगठ्ठा येत नाहीत, ते विखुरलेले असतात. पण टक्केवारीत दोन्ही सारखेच दिसतात.

क्राउडफ्लॉवर नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेने वेगळी वाट धरली होती. (पुढे तिचं नाव फिगर एट झालं आणि 2019 मध्ये अ‍ॅपेन कंपनीने ती घेतली.) तिथे कामाआधी उत्तरं माहीत असलेल्या प्रश्नांची चाचणी होत असे. ती पार केल्यावरही प्रत्येक पानावर एक तसा प्रश्न न सांगता मिसळलेला असे. अचूकता सहसा 70 टक्क्यांच्या खाली गेली की त्या कामातून बाहेर. इथेही ‘बरोबर’ उत्तर चुकीचं ठरवलेलं असू शकतं, पण त्या प्रश्नावर कामगाराला हरकत घेता येई, आणि पुष्कळ जण एकाच प्रश्नावर अडखळले तर दोष प्रश्नाचा आहे हे काम टाकणाऱ्याला दिसे. शिवाय तो आकडा त्या कामापुरता होता. टर्कवरचा आकडा जन्मभर पाठीशी असतो.

मग काम टाकणारे ही टक्केवारी का वापरतात? कारण ती काही प्रमाणात चालते. एयाल पीर, योआखिम व्हॉसगेराउ आणि अलेस्सांद्रो अक्विस्ती यांनी 2014 मध्ये दाखवलं, की 95 च्या वरचे कामगार लक्ष तपासणाऱ्या प्रश्नांत क्वचितच चुकतात आणि 90 च्या खालचे बरेचदा चुकतात. संशोधकांनी 95 हा आकडा उचलला. पण नकार द्यायचा तर कारण लिहावं लागतं, मग तक्रारींची पत्रं येतात, आणि लिली इराणी व सिक्स सिल्बरमन यांनी सुरू केलेल्या ‘टर्कॉप्टिकॉन’वर कामगार काम देणाऱ्यांनाच गुण देतात. त्यापेक्षा सरसकट मंजूर करणं सोपं, आणि ठरलेल्या मुदतीत कोणी काही केलं नाही तर काम आपोआप मंजूर होतंच. त्यामुळे सगळ्यांचेच आकडे फुगतात. 95 ने फारसे कोणी गाळले जात नाहीत, म्हणून उंबरठा 98 वर जातो, मग 99 वर. आणि वर चढलेल्या उंबरठ्यावर एक नकार किती महाग पडतो, ते आपण पाहिलंच.

कामगारांनी यावर काढलेला उपाय साधा आहे: शंका आली की काम परत करायचं. परत केलेलं काम मंजुरीच्या टक्केवारीत मोजलं जात नाही. सूचना संदिग्ध वाटली, शेवटचं बटण चाललं नाही, की वीस मिनिटं सोडून द्यायची आणि आकडा वाचवायचा. या वीस मिनिटांचे पैसे कोणी देत नाही. अनुभवी कामगार छोट्या, खात्रीच्या कामांचे गठ्ठे करून छेद मोठा करून ठेवतात, म्हणजे पुढचा नकार कमी बोचतो. अचूकतेशी याचा काही संबंध नाही, पण हे न करणारा टिकत नाही.

चाचण्यांचं जग याच्या शेजारी आहे आणि अधिक बंदिस्त. काम टाकणारा स्वतःची परीक्षा लावू शकतो: प्रश्न, वेळ, उत्तरांची किल्ली, गुण यंत्रच देतं. परीक्षेचे पैसे सहसा मिळत नाहीत. किती वेळाने पुन्हा बसता येईल हे त्याने ठरवलं नाही, तर मिळते एकच संधी. दुसरी रीत परीक्षेविनाच चालते. एका साध्या कामात ज्यांची उत्तरं आवडली, त्यांना तो एक खूण बहाल करतो. हवं तर त्यांना न कळवता. पुढची चांगल्या पैशांची कामं त्या खुणेमागे लपवतो. बाहेरच्याला ना परीक्षा दिसते, ना काम. अ‍ॅमेझॉनची ‘मास्टर्स’ ही पदवीही अशीच: तिच्यासाठी अर्ज नाही, परीक्षा नाही, कंपनीची आकडेवारी निवड करते आणि असे कामगार हवे असणाऱ्याकडून पाच टक्के जादा शुल्क घेते.

इतकी कुलपं झाली की चांगल्या आकड्याच्या खात्याला स्वतःची किंमत येते. भारतातल्या टर्करांवर नेहा गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये लिहिलेल्या अभ्यासात खाती वाटून घेण्याची आणि विकत घेण्याची नोंद आहे. परदेशी कामगारांना नवं खातं मिळणं तेव्हा जवळजवळ थांबलंच होतं. अर्थात खातं ज्याच्या हाती गेलं, त्याचं काम त्या आकड्याइतकं चांगलं असेल याची खात्री कोण देणार? 2018 च्या उन्हाळ्यात संशोधकांना एकाएकी निरर्थक उत्तरं येऊ लागली. आपला देश लपवून अमेरिकेतले असल्याचं भासवणारे लोक त्यामागे होते, आणि नेहमीच्या अटी त्यांनी ओलांडलेल्या होत्या.

वर हिशेब केलेल्या कामगाराकडे एकच खरा मार्ग उरतो. काम टाकणाऱ्याला स्वतः दिलेला नकार तीस दिवसांच्या आत मागे घेता येतो; मागे घेतला की पैसे मिळतात आणि आकडाही पूर्ववत होतो. म्हणून पहिलं पत्र लगेच, नम्रपणे आणि कामांच्या क्रमांकांसह जायला हवं. उदाहरण म्हणून एकच पावती पुरते: दुकान इंग्लंडमधलं, तारीख 03/04. उत्तर द्यायचं की नाही हे काम टाकणाऱ्यावर आहे, आणि एकतिसाव्या दिवशी त्याची इच्छा असली तरी तो नकार बदलता येत नाही.